फोटोत बाळाचे पाय फेंगडे आणि तळवे सपाट दिसतात : वाढीचा भाग किती, दाखवण्यासारखं किती?

मृण्मयी_के (३ जून, रात्री १०:४०)
नमस्कार मंडळी. मुलगी २० महिन्यांची आहे. परवा नणंदेकडच्या बारशाचे फोटो आले. एकात ती समोर उभी आहे, घोटे जवळजवळ चिकटलेले आणि गुडघ्यांमध्ये चांगली फट. दोन्ही पाय मिळून कंस काढल्यासारखे दिसतात. घरात पळताना हे कधी इतकं डोळ्यांत भरलं नव्हतं. तळवेही अगदी सपाट आहेत. आंघोळ करून ओल्या पायांनी बाहेर आली की फरशीवर अख्खं पाऊल उमटतं, मधली खोलगट जागा नाहीच. ११व्या महिन्यात चालायला लागली. वजन ११ किलो, उंची ८२ सें.मी.
सासूबाईंना वाटतं मालिश लवकर बंद केलं, शेजारच्या काकू डायपरला दोष देतात. मला फक्त एवढं हवंय की यातलं आपोआप जाणारं कोणतं आणि डॉक्टरांकडे न्यायला हवं असं कोणतं, हे घरी कसं ओळखायचं.

श्रीरंग७९ (३ जून, रात्री ११:०५)
सगळ्याच लहान मुलांचे पाय असे असतात. पाच वर्षांपर्यंत आपोआप सरळ होतात. फोटो बघू नका, झोपा शांत.

पायवाट (४ जून, सकाळी ७:१५)
श्रीरंग, निम्मं बरोबर आहे, पण ‘पाच वर्षांपर्यंत’ हे धोक्याचं आहे. लहान मुलांच्या हाडांची फिजिओथेरपी हेच माझं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
बाळ पोटात पाय दुमडून असतं, त्यामुळे जन्मतः पाय बाहेर वाकलेलेच असतात. चालायला लागल्यावर ते जास्त जाणवतं. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान पाय सरळ रेषेत येतात. पण ते तिथे थांबत नाहीत, उलट्या बाजूला जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे एकमेकांना घासतात आणि घोट्यांमध्ये फट पडते. मग ते हळूहळू कमी होत सातव्या वर्षाच्या सुमारास मोठ्या माणसासारखी ठेवण येते. फिनलंडमध्ये हजाराहून अधिक मुलांच्या पायांचे कोन मोजून १९७५ साली हा आलेख मांडला गेला आणि आजही डॉक्टर तोच डोळ्यांसमोर ठेवतात.
म्हणजे तोच आकार एका वयात ठीक आणि दुसऱ्या वयात नाही. दीड वर्षाचं मूल फेंगडं चालतंय, ठीक. साडेतीन वर्षांचं मूल फेंगडं चालत असेल तर ते वाट बघण्याचं वय नाही, कारण तेव्हा गुडघे आत यायला हवे होते. आणि चार वर्षांच्या मुलाचे गुडघे घासतात म्हणून धावपळ करणारे पालक तर मला दर आठवड्याला भेटतात. मृण्मयी, तुमची मुलगी सरळ होण्याच्या अगदी वळणावर आहे. त्यामुळे एका फोटोपेक्षा ती कुठल्या दिशेला चालली आहे हे महत्त्वाचं.

कॅमेरावाला (४ जून, सकाळी ९:३०)
फोटोबद्दल मला बोलू द्या. समारंभातले फोटो उभ्या माणसाने वरून खाली मोबाइल धरून काढलेले असतात, तेही अगदी जवळून. त्यात डोकं मोठं आणि पाय आखूड, वेडेवाकडे येतात. शिवाय जाड डायपरमुळे मांड्या फाकतात, मूल गुडघे किंचित वाकवून आणि बाहेर वळवून उभं राहतं. वाकलेला आणि बाहेर वळलेला सरळ पायसुद्धा कॅमेऱ्याला धनुष्यासारखाच दिसतो.
तुलनेसाठी फोटो हवा असेल तर डायपर काढा. मूल जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. मोबाइल मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर, दोन-अडीच मीटर लांब, म्हणजे तुम्हाला पोटावर पडावं लागेल. जवळ जाण्याऐवजी झूम करा. बाकी सगळं सोडलं तरी एक सोडू नका : गुडघ्याच्या दोन्ही वाट्या सरळ कॅमेऱ्याकडे बघत असल्या पाहिजेत. पावलं कुठेही वळोत. पुढच्या वेळी तीच फरशी, तेच अंतर ठेवा, म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवता येतात.

पायवाट (४ जून, सकाळी १०:०२)
वाटीचा मुद्दा एकदम पटला. बऱ्याच मुलांची नडगी या वयात थोडी आत पिळलेली असते. पावलं सरळ ठेवली की गुडघे बाहेर वळतात आणि पाय आहेत त्याहून जास्त वाकलेले दिसतात. दवाखान्यातल्या एक्स-रेतसुद्धा हीच चूक होते, पावलं सरळ ठेवून काढतात.

नलिनीआजी (४ जून, दुपारी २:२०)
आमच्या वेळी बाळंतिणीच्या घरी येणारी बाई तेल लावून दोन्ही पाय जोडून खाली ओढायची, घट्ट बांधायचीही. पाय सरळ व्हायचे. आता कोणी करत नाही म्हणून हे फोटोत दिसतंय.

सांगलीकर_बालरोग (४ जून, दुपारी ३:४५)
आजी, तुमच्या काळातली मुलं सरळ झाली यात शंका नाही, पण ती वयाने झाली. मालिश छान आहे, बाळ सुखावतं, झोपतं. पाय ओढणं आणि बांधून ठेवणं मात्र नको. नवजात बाळाचा खुब्याचा सांधा अजून घडत असतो आणि पाय सरळ जोडून घट्ट बांधले तर तो खोबणीतून सरकण्याचा धोका वाढतो. उलट तुम्ही नातवंडांना कडेवर घेता, पाय फाकवून, ते खुब्यासाठी चांगलंच. त्याने पाय वाकत नाहीत, डायपरनेही नाही.

नलिनीआजी (४ जून, दुपारी ४:३०)
कडेवर घेतल्याने वाकतात असं सुनेला मीच सांगत होते. आता घेईन निर्धास्तपणे. बांधण्याचं मात्र मला अजून पूर्ण पटलं नाही.

मृण्मयी_के (४ जून, रात्री ९:५०)
पायवाटताई, घरी मोजता येतं का? अंदाजाने रोज काहीतरी वेगळंच वाटतं.

पायवाट (४ जून, रात्री १०:३०)
येतं. दोघं जण हवेत आणि मूल पेंगुळलेलं असेल तर उत्तम.
पाठीवर झोपवा. एकाने दोन्ही गुडघे हलकेच सरळ करायचे, जोर न लावता. वाट्या छताकडे. मग घोट्यांची आतली हाडं एकमेकांना जेमतेम टेकवायची, दाबायची नाहीत. दुसऱ्याने गुडघ्यांच्या आतल्या बाजूच्या हाडांमधलं अंतर मोजायचं. टेपपेक्षा मी जाड पुठ्ठ्याचे एक-एक सेंटिमीटर वाढत जाणारे तुकडे वापरायला सांगते, जो अलगद बसेल तो आकडा. तीनदा मोजा, मधला धरा. सहा सें.मी.च्या वर फट असेल तर वय काहीही असो, दाखवून या. चार वर्षांच्या मुलाचं उलट मोजतात : गुडघे टेकवायचे आणि घोट्यांतली फट बघायची. तिथे आठ सें.मी.च्या वर गेलं तर दाखवायचं.
दुसरं म्हणजे, कॅमेरावाल्यांनी सांगितलेला फोटो काढला की त्यावर पोटरीचा खालचा मोठा भाग कागदाने झाका. गुडघ्याखालचा वरचा एक-तृतीयांश फक्त उघडा ठेवा. तो तुकडा मांडीच्या रेषेपेक्षा बाहेरच्या बाजूला जात असेल तर वाक खाली नडगीत आहे, आणि ही वाढीतल्या वाकाची चांगली खूण. तो मांडीच्या रेषेत सरळ किंवा आत झुकलेला दिसला तर वाक गुडघ्यालगत आहे आणि तपासणी हवी. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ही युक्ती दवाखान्यातही वापरतात.

मृण्मयी_के (६ जून, दुपारी १:१०)
केलं! पहिल्यांदा ६ आलं आणि पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की वाट्या बाहेर वळल्या होत्या. नवऱ्याने मांड्या धरून वाट्या वर आणल्यावर ३, ३ आणि ३.५. दोन्ही पाय सारखेच. कागद ठेवून बघितलं, वरचा तुकडा दोन्हीकडे बाहेर जातो.

पायवाट (६ जून, दुपारी १:४०)
तुमच्या त्या ६ आणि ३ मध्येच अर्ध्या धाग्याचं उत्तर आहे. २० महिने, दोन्ही पाय सारखे, ३ सें.मी., वरचा भाग बाहेर जाणारा. आज एक्स-रेची गरज मला दिसत नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजा. रोज मोजू नका, अर्धा-एक सें.मी. तर धरण्यातच इकडेतिकडे होतो.

सांगलीकर_बालरोग (६ जून, रात्री ८:१५)
सहमत. फक्त आपल्याकडे मुडदूस विसरून चालत नाही. भरपूर ऊन असलेल्या महाराष्ट्रातही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण मुलं दुपारी घरात असतात आणि आईच्याच शरीरात ते कमी असलं तर बाळ कमी साठ्यावर जन्माला येतं. आईच्या दुधातही ते फार थोडं उतरतं.
मुडदुसात नुसते पाय वाकत नाहीत, सोबत इतर खुणा असतात. मनगटं रुंद होतात, जणू मनगटाला दुहेरी हाड आहे. छातीच्या फासळ्यांच्या टोकांना माळेसारखे उंचवटे लागतात. टाळू दीड वर्षानंतरही भरत नाही, दात उशिरा येतात, मूल उशिरा चालतं आणि उंची मागे पडते. मृण्मयी, तुमची मुलगी ११व्या महिन्यात चालली आणि उंची वयाला साजेशी आहे, तेव्हा शक्यता कमी. तरी मनगटं एकदा निरखून बघा.
एक कळकळीची विनंती. फोटो बघून कोणी परस्पर ६०,००० युनिटची पाकिटं सुरू करू नका. ती आठवड्याला एक सांगितलेली असताना रोज एक दिल्याने कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, सुस्ती घेऊन मुलं दवाखान्यात येतात. थेंबांच्या बाटल्यांचीही ताकद वेगवेगळी असते. एका कंपनीची संपली आणि दुकानदाराने दुसरी दिली तर ‘आधी एक मिली द्यायचो’ म्हणून तेवढंच भरू नका, मिलीत किती युनिट ते लेबलवर वाचा. पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट हे नेहमीचं प्रमाण. उपचाराचं प्रमाण वेगळं असतं आणि ते डॉक्टरच ठरवतात.

डब्लिनहून_अनघा (७ जून, पहाटे २:४०)
इथे तर हिवाळ्यात सूर्य इतका तिरपा असतो की अंगावर ऊन पडलं तरी त्वचेत ‘ड’ जवळजवळ तयार होत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला वेळ आणखी जास्त लागतो. परदेशातल्या मराठी आयांनी ‘आम्ही रोज बागेत नेतो’ यावर विसंबू नये, थेंब चालू ठेवावेत.
एक प्रश्न : औषध पूर्ण देऊनही पाय तसेच राहिले तर?

सांगलीकर_बालरोग (७ जून, सकाळी ८:००)
तर पुन्हा तेच औषध दुप्पट करायचं नाही. साध्या मुडदुसात तीन महिन्यांच्या उपचाराने एक्स-रेत हाडांची टोकं भरताना स्पष्ट दिसतात. ती दिसली नाहीत, घरात आणखी कोणाचे पाय वाकलेले आहेत, उंची कमी आहे, तर रक्तातलं फॉस्फरस बघावं लागतं. मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून जाण्याचा एक आनुवंशिक प्रकार असतो, त्याला नुसतं ‘ड’ पुरत नाही. पायांचा आकार मात्र हाड बरं झाल्यावरही सावकाश, वर्षभर किंवा जास्त काळ बदलत राहतो. म्हणून फोटोत लगेच फरक शोधू नका.

गणेश_बीड (७ जून, सकाळी ११:२०)
माझ्या भाच्याचे गुडघे लागतात, तळवे पण सपाट आहेत. वय १९. पोलीस भरतीत काढून टाकतील का? काय व्यायाम करावा?

कॅमेरावाला (७ जून, सकाळी ११:४५)
गणेशभाऊ, हा धागा दोन वर्षांच्या मुलांचा आहे. १९व्या वर्षी हाडांची वाढ जवळजवळ संपलेली असते, तेव्हा इथली एकही गोष्ट त्याला लागू होत नाही. वेगळा धागा काढा, भरतीचे जाणकार आहेत इथे.

पायवाट (७ जून, दुपारी १२:३०)
गणेशभाऊ, जाता जाता : भरतीच्या जाहिरातीत दिलेली वैद्यकीय अट नीट वाचा आणि भाच्याला आधीच अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. मैदानाची तयारी करून शेवटच्या दिवशी कळण्यापेक्षा ते बरं.

तन्वी_पुणे (७ जून, रात्री ९:००)
सपाट तळव्यांवर कोणी बोलेल का? दुकानात मशीनवर मुलाला उभं केलं, स्क्रीनवर अख्खा पाय लाल. ‘आताच सोल घातला नाही तर कमान कधीच येणार नाही’ म्हणाले. मुलगा तीन वर्षांचा. सोल बनवून घेतलेत.

पायवाट (७ जून, रात्री १०:१०)
तन्वी, तीन वर्षांच्या मुलाचा पाय त्या मशीनवर लाल येणारच. कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि पावलाचे बंध सैल असतात, त्यामुळे भार आला की कमान बसते. ऑस्ट्रियात आठशेहून जास्त मुलांची पाहणी २००६ साली छापून आली. त्यात तीन वर्षांच्या ५४ टक्के मुलांचे पाय सपाट होते आणि सहा वर्षांच्या फक्त २४ टक्के. अर्ध्याहून जास्त मुलांत जे दिसतं त्याला आजार कसा म्हणायचा?
सोलने कमान ‘तयार’ होते का, हेही तपासून झालं आहे. १९८९ साली अमेरिकेत लहान मुलांचे गट करून काहींना खास बूट, काहींना आतले साचे आणि काहींना काहीच न देता तीन वर्षं पाहिलं. सगळ्याच गटांत पाय सुधारले आणि गटागटांत फरक पडला नाही.
खरी परीक्षा ही : मुलाला खेळणं उंच धरून चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. कमान उठते आणि टाचा आत वळतात का? उठली तर पाऊल लवचिक आहे. तीन वर्षांचं मूल चवड्यावर टिकत नसेल तर बसवून पाय लोंबकळू द्या किंवा उभं असताना अंगठा वर उचला, तेव्हाही कमान दिसते. कशानेही उठली नाही, पाऊल ताठ लागलं, दुखतं म्हणून मूल कडेवर घ्या म्हणतं, किंवा गुडघा सरळ असताना पाऊल वर वळतच नाही, तर दाखवा. पावलातली दोन हाडं जोडलेली असू शकतात किंवा टाचेची शीर आखडलेली असू शकते.

तन्वी_पुणे (७ जून, रात्री १०:३५)
आता केलं, खिडकीच्या कठड्यावर बिस्किट ठेवून. कमान स्पष्ट उठते. पण सोल घातल्यापासून मुलगा चालताना कमी वेळा पडतो असं मला खरंच वाटतं.

पायवाट (७ जून, रात्री १०:५०)
असू शकतं. पाय दुखणाऱ्या मुलांना सोलने आराम पडतो, ते मी नाकारत नाही. माझ्या ओळखीचे काही चांगले डॉक्टर अतिसैल पावलांना ते देतातही. यावर आमच्या क्षेत्रात एकमत नाही. ‘नाही घातला तर कमान येणार नाही’ हे वाक्य मात्र चुकीचं.

श्रीरंग७९ (८ जून, सकाळी ७:३०)
मग अनवाणीच ठेवायचं का? गावाकडच्या पोरांना कुठे सपाट पाय असतात?

सांगलीकर_बालरोग (८ जून, सकाळी ९:१०)
यावर आपल्या शेजारचाच पुरावा आहे. कर्नाटकातल्या २,३०० मुलांचे ठसे घेऊन १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चपला-बूट वापरणाऱ्यांत ८.६ टक्के सपाट पाय होते, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बुटांत प्रमाण सगळ्यात जास्त. पण ही मुलं ४ ते १३ वर्षांची होती, तेव्हा आकडा दोन वर्षांच्या मुलावर चिकटवू नका. घरात अनवाणी, बाहेर मऊ तळाची, चवड्याशी वाकणारी चप्पल, पुढे अंगठ्याएवढी जागा. टणक बुटाने कमान घडत नाही.

वैदेही_रत्नागिरी (१० जून, रात्री ११:३०)
सगळा धागा वाचला आणि झोप उडाली. मुलगा २ वर्षं ९ महिन्यांचा. फक्त डावा पाय वाकलाय. दहाव्या महिन्यात चालला, वजन १८ किलो. चालताना डावा गुडघा दर पावलाला बाहेर झटका देतो. गेल्या दिवाळीच्या फोटोत कमी होता. आईचं म्हणणं, लवकर चालल्यामुळे झालं. कागद ठेवून पाहिलं, डावीकडे वरचा तुकडा आत जातो.

पायवाट (११ जून, सकाळी ६:५०)
वैदेही, तुमच्यासाठी मात्र ‘थांबून बघू’ नाही. एकच पाय, वाढत चाललेला, अडीच वर्षांनंतर, पाऊल टेकताना गुडघा बाहेर फेकला जातो आणि वजन जास्त. यात नडगीच्या वरच्या टोकाची आतली बाजू नीट वाढत नाही असा एक आजार असतो, ब्लाउंट. तोच आहे असं मी म्हणत नाही, तो आहे की नाही हे याच महिन्यात बघायला हवं. लवकर चालल्याने साधा वाक येत नाही. पण या आजाराची मुलं बऱ्याचदा लवकर चाललेली आणि वजनदार असतात, म्हणून आई म्हणतात ते अगदीच निराधार नाही.
मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा, उभ्याने आणि वाट्या समोर ठेवून एक्स-रे मागतील. त्यावर नडगीच्या वरच्या टोकाचा एक कोन मोजतात. ११ अंशांपेक्षा कमी असेल तर बहुतेक वेळा काळजी नसते, १६ च्या वर असेल तर आजाराची शक्यता मोठी, मधल्यांना काही महिन्यांनी पुन्हा बघतात. तीन वर्षांच्या आत पट्ट्याचा प्रयत्न काही डॉक्टर करतात. शस्त्रक्रिया लागलीच तर चार वर्षांच्या आत केल्यास वाक परत येण्याचं प्रमाण कमी राहतं. म्हणून महिना महत्त्वाचा. दिवाळीचा फोटो आणि चालतानाचा समोरून काढलेला व्हिडिओ सोबत न्या.

नलिनीआजी (११ जून, सकाळी ८:२०)
वैदेही बाळा, घाबरू नकोस, पण आज फोन कर.

वैदेही_रत्नागिरी (११ जून, दुपारी १२:४०)
केला आजी. कोल्हापूरला गुरुवारची वेळ मिळाली.

मृण्मयी_के (९ सप्टेंबर, रात्री ९:१५)
धागा वर आणते. मुलगी २३ महिन्यांची. तीच फरशी, तेच अंतर, वाट्या समोर : फट दीड सें.मी. मनगटं ठीक आहेत, लसीच्या वेळी डॉक्टरांनीही बघितली. तळवे अजून सपाट, पण डब्याकडे हात उंचावते तेव्हा चवड्यावर कमान दिसते. बारशाचा फोटो आणि आजचा शेजारी ठेवले, तर जुन्या फोटोत वाट्या चक्क बाहेरच्या भिंतींकडे बघत होत्या!

पायवाट (९ सप्टेंबर, रात्री १०:००)
छान. आता तीन वर्षांची झाली की गुडघे घासायला लागतील, तेव्हा नवा धागा काढू नका, हाच वर आणा. तेव्हा घोट्यांतली फट मोजायची.
वैदेही, गुरुवारनंतर काय झालं? कोन किती आला?

वैदेही_रत्नागिरी (१० सप्टेंबर, सकाळी ७:०५)
डावा १४, उजवा ८. मधल्यातलाच निघाला. रक्त तपासणी ठीक आली. पट्टा सध्या नको म्हणाले. वजन वाढू द्यायचं नाही, म्हणून बाटलीतलं गोड दूध बंद केलंय. पुढच्या महिन्यात पुन्हा एक्स-रे आहे. झटका अजून आहे.